जेवणाची वेळ झोपेपासून मोजा

मैत्रिणींनो आणि मित्रांनो,

मला पंचेचाळीस मिनिटं दिली आहेत आणि विषय ठरला आहे ‘रात्रपाळी, पचन आणि शरीराचं घड्याळ’. घड्याळाकडे मी येणारच आहे. पण आधी एका सिस्टरची गोष्ट सांगते, कारण तिच्यामुळेच हा विषय माझ्या डोक्यात बसला. इथे बसलेल्या बहुतेकांनी रात्रपाळ्या केल्या आहेत, त्यामुळे रात्री तीनचा वॉर्ड कसा असतो हे मला समजावून सांगावं लागणार नाही.

ती माझ्या हाताखाली मेडिकल वॉर्डात होती. रात्री आठ ते सकाळी आठ अशी पाळी. कामाला चोख, हात हलका, सलाईनची नस पहिल्या फटक्यात मिळायची. आणि ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यात, कापसाच्या डब्यामागे, तिची स्वतःची अँटासिडची बाटली. दोन-तीन तासांनी ती झाकणाने औषध मोजायची सुद्धा नाही, बाटली तोंडाला लावून एक घोट घ्यायची. मी एकदा विचारलं, “काय गं, किती दिवस चाललंय हे?” म्हणाली, “पित्त आहे हो सिस्टर, मला पहिल्यापासूनच.”

हे ‘पहिल्यापासूनच’ मी इतक्या जणींकडून ऐकलं आहे! आपण सरसकट पित्त म्हणतो, पण खरं पित्त यकृतात तयार होतं आणि ते लहान आतड्यात जातं. छातीत जळजळ, घशाशी आंबट येणं हे बहुतेक वेळा जठरातल्या आम्लाचं काम असतं. आम्ल जठरात असेल तोवर त्याची काही तक्रार नसते, जठराचं अस्तर त्यासाठीच बनलेलं आहे. ते वर अन्ननलिकेत आलं की जळतं. म्हणून ‘आम्ल किती’ यापेक्षा ‘आम्ल वर का आलं’ हा प्रश्न जास्त कामाचा.

तिला मी लगेच उपदेश केला नाही. वॉर्डातला इनटेक-आउटपुटचा एक कोरा तक्ता काढला, पेशंटच्या नावाच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि म्हटलं, “इथे तुझं नाव लिही.” ती हसली. म्हटलं, “अगं, वीस पेशंटनी किती वाजता किती मिलिलीटर घेतलं हे तू तोंडपाठ सांगतेस. स्वतःचं सांग बरं, काल रात्री काय खाल्लंस?” तिला सांगता येईना. म्हणून सात दिवस लिहायचं ठरलं: काय खाल्लं, किती वाजता, केव्हा आडवी झालीस, जळजळ केव्हा.

तो तक्ता मला अजून दिसतो. निळ्या शाईत, हॅण्डओव्हरच्या नोंदी करतो तशाच आखीव अक्षरात. संध्याकाळी सात, घाईत चार घास. साडेदहा, चहा. दीड, चहा आणि बिस्किटं. साडेतीन, चहा. पाच, काही नाही. मग पावणेनऊला घरी पोचून भरपेट जेवण, आणि सव्वानऊला अंथरुणावर. शेवटच्या रकान्यात जवळजवळ रोज तीच नोंद: ‘साडेदहा-अकराला जाग, घशात आंबट, उठून बसले.’ सहा दिवसांच्या झोपेपैकी पाच दिवस.

तिचा स्वतःचा समज होता की रात्रीच्या चहानेच सगळं होतं. चहाचा वाटा होताच. पण जळजळीची वेळ बघा. चहा दीडला आणि साडेतीनला, त्रास सकाळी साडेदहाला. मधे काय घडलं? जवळजवळ चौदा तास धड न जेवल्यानंतरचं मोठं जेवण आणि अर्ध्या तासात आडवं होणं. पूर्ण भरलेलं जठर ताणलं जातं, आणि ताणलेल्या जठराच्या तोंडाशी असलेला झडपेसारखा स्नायू मधूनमधून सैल पडतो. उभं असताना गुरुत्वाकर्षण आपल्या बाजूने असतं. झोपलं की ते जातं. वर झोपेत लाळ कमी आणि गिळणंही कमी, म्हणजे वर आलेलं आम्ल धुऊन खाली न्यायला कुणी नाही. म्हणून दिवसाच्या जागेपणी जे दोन मिनिटांत निवळतं ते झोपेत बराच वेळ अन्ननलिकेत पडून राहतं.

मी तिला म्हटलं, “तू झोपतेस केव्हा ते पक्कं सांग, जेवण त्यावरून ठरवू.” म्हणाली, साडेनऊ. मग साडेनऊतून तीन तास वजा. साडेसहा. सकाळी साडेसहानंतर पाण्याखेरीज पोटात काही नाही. तिने लगेच विचारलं, “मग घरी गेल्यावर भूक लागेल त्याचं काय?” बरोबर प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर सकाळी नव्हतं, मध्यरात्री होतं. सकाळची भूक मोडायची असेल तर रात्री बाराला खरं जेवण हवं.

तिचं वेळापत्रक असं झालं. दुपारी साडेतीनला जाग, सव्वाचारला पहिलं जेवण, तेच दिवसातलं सर्वांत मोठं. ड्यूटीवर निघण्याआधी सातला थोडंसं. बाराला मध्यम जेवण, पोट गच्च न करता, कारण रात्री जठर दिवसापेक्षा सावकाश रिकामं होतं. सहाला मूठभर काहीतरी, तेलकट नसलेलं. चहा रात्री दोनच्या आत आणि रिकाम्या पोटी नाही. तिने डब्याच्या झाकणावर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावला आणि मार्करने ‘१२’ लिहिलं. दुसऱ्या छोट्या डबीवर ‘६’. औषधाच्या ट्रेवर आपण बेड नंबर लिहितो ना, अगदी तसं.

पहिला आठवडा फसला, हेही सांगते. दुसऱ्याच रात्री पावणेबाराला एक पेशंट सिरीयस झाला, डबा अडीचला उघडला, आणि भुकेपोटी तिने दोन्ही डबे एकदम संपवले. सकाळी पुन्हा तीच जळजळ. चिडून म्हणाली, “सिस्टर, आपल्या नोकरीत वेळ पाळणं शक्यच नाही.” तिचं म्हणणं खोटं नव्हतं. मग आम्ही बाराचं टोक सैल केलं. बारा ते एक यात केव्हाही. एक टळला तर दोनपर्यंत अर्धाच डबा, आणि सहाची डबी तशीच सहाला. राहिलेलं जेवण पुढच्या वेळेत भरून काढायचं नाही. सोबतच्या सिस्टरशीही ठरलं, एकीने खाताना दुसरीने बेल बघायची, मग उलट. वीस मिनिटं बसून खायची. टेबलाशी उभ्याने चार मिनिटांत गिळलेलं जेवण वेळेवर झालं तरी त्याचा उपयोग कमी.

इथे मला माझं जुनं दुखणं बोलून दाखवू द्या. तिला एका डॉक्टरांनी पँटोप्राझोलची गोळी दिलेली होती. पाकिटावर लिहिलेलं, ‘सकाळी उपाशीपोटी’. ती इमानदारीने सकाळी आठला, ड्यूटी संपता संपता घ्यायची. दोन महिने. फरक नाही, म्हणून तिच्या मते गोळी निकामी. पण ही गोळी काम कशी करते ते बघा. जठराच्या भिंतीत आम्ल सोडणारे सूक्ष्म पंप असतात. त्यातले जे त्या वेळी चालू असतील त्यांनाच ही गोळी बंद करते, आणि रक्तात ती जेमतेम काही तास टिकते. पंप मोठ्या संख्येने चालू होतात जेवणाने. म्हणून ती दिवसाच्या पहिल्या जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यायची असते. आता साडेनऊला झोपणाऱ्या बाईचं पहिलं जेवण सव्वाचारला! तिने नवं वेळापत्रक पाळल्यावर आठनंतर जेवणच नव्हतं, म्हणजे गोळी आली आणि बंद करायला पंपच फारसे चालू नाहीत. ‘सकाळी’ हा शब्द लिहिणाऱ्याच्या मनात दिवसा जागणारा माणूस असतो. डॉक्टरांना विचारून तिने गोळी दुपारी साडेतीनला, उठल्या उठल्या घ्यायला सुरुवात केली. कृपा करून कुणी पाकीट हातात देताना ‘तुम्ही झोपता केव्हा’ एवढं विचारत जा. मला याचा फार त्रास होतो, कारण यात औषध वाया जातं आणि माणूस स्वतःलाच दोष देतो.

तिसऱ्या आठवड्यात बाटलीचे घोट रात्रीला एक-दोनवर आले. सहाव्या आठवड्याच्या तक्त्यात झोपेतून उठवणारी जळजळ एकदाच होती, आणि त्या दिवशी एका समारंभातून उशिरा जेवून ती झोपली होती. कारण तिने स्वतःच रकान्यात लिहून ठेवलं होतं.

चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं राहिली. तर घड्याळ. थोडक्यात सांगते.

उपाशी जठरातही आम्लाला एक लय असते. संध्याकाळपासून मध्यरात्रीच्या सुमारास ते वाढतं, पहाटे-सकाळी सर्वांत कमी असतं. रात्रपाळी लागली म्हणून ही लय एका आठवड्यात उलटत नाही. म्हणजे रिकाम्या पोटी चहा पिण्याची आपली वेळ आणि आम्ल भरात असण्याची वेळ एकच पडते. बाराचं जेवण त्या आम्लाला काही काळ शोषून घेतं, हा त्याचा एक फायदा. दुसरं, इव्हान पाव्हलॉव्ह यांना १९०४ साली नोबेल मिळालं ते पचनाच्या अभ्यासासाठी. अन्न जठरात पोचायच्या आधीच, नुसतं दिसल्या-वासाने जठररस सुटतो हे त्यांनी दाखवलं. त्यावरून कुणी म्हणेल, ठरलेल्या वेळेची सवय जठरालाही लागते. पण मी असं म्हणणार नाही की बाराच्या ठोक्यात काही गुण आहे. माझ्या मते तिचं दुखणं निवळलं ते मुख्यतः जेवण आणि झोप यांत तीन तास पडले म्हणून. ठरलेल्या वेळेने ते तीन तास राखले, एवढंच.

डोक्याकडची बाजू उंच करायची तर पलंगाच्या डोक्याकडच्या दोन पायांखाली पंधरा-वीस सेंटिमीटरचे ठोकळे घाला. नुसत्या उशा वाढवल्या तर पोट दुमडतं. डाव्या कुशीवर झोपलेलं बरं. कंबरदुखीसाठी रिकाम्या पोटी वेदनाशामक गोळ्या घेत असाल तर वेळापत्रकाने जठर वाचणार नाही, हे आपल्या व्यवसायात फार होतं. हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूमुळे अल्सर असेल तर त्याला औषधांचा कोर्सच लागतो. आणि गिळताना अडकणं, काळी शौच, रक्ताची उलटी, कारण नसताना वजन घटणं, किंवा श्रमाने छाती दाटून घाम सुटणं, यातलं काहीही असेल तर डबे-बिबे बाजूला ठेवा आणि तपासून घ्या. शेवटच्या लक्षणात तर त्याच क्षणी ईसीजी.

फिरत्या पाळीचं काय, असं मागून विचारलंय. पाळी बदलली की बारा आणि सहा बदलतात, तीन तास बदलत नाहीत. झोपेची नवी वेळ लिहा आणि तिथून मागे मोजा. त्या सिस्टरची पाळी बदलली तेव्हा ती माझ्याकडे आली होती. मला वाटलं आभार मानायला आली असेल. तिला आणखी एक कोरा तक्ता हवा होता, आणि डब्यावरची ‘१२’ची चिकटपट्टी तिने आधीच काढून टाकली होती.