एक डबा, एक कुपी आणि दोन चेहरे

(दृश्य: सकाळ, राजवाड्यासमोरचा चौक. पोह्यांच्या गाडीवरची वाफ. मागे दुकानाच्या शटरवर रंगवलेली सिमेंटची जाहिरात, त्यात बॅट उंचावलेला खेळाडू.)

इंदूरच्या राजवाड्यासमोर दहा मिनिटं उभं राहा आणि ओळखीचे चेहरे मोजा. सिमेंटवर खेळाडू आहे, बनियनवर नट आहे, मसाल्यावर नटी आहे. या प्रत्येक चेहऱ्यासाठी कुणीतरी पैसे मोजले आहेत. त्या चेहऱ्यामुळे आपला त्या मालावरचा विश्वास खरंच वाढतो का? आणि वाढत असेल, तर कुठल्याही चेहऱ्याने वाढतो, की नेमक्या एखाद्याच?

(दृश्य: सी. के. नायडूंचं जुनं कृष्णधवल छायाचित्र. कॅमेरा हळूहळू चेहऱ्याकडे.)

हे कर्नल सी. के. नायडू. 1932 साली लॉर्ड्सवर भारताच्या पहिल्या कसोटीचे कर्णधार आणि आपल्या होळकर संघाचे सर्वेसर्वा. 1941 साली त्यांनी एका लिव्हर टॉनिकची जाहिरात केली. एखाद्या मालाची जाहिरात करणारे ते पहिले भारतीय क्रिकेटपटू मानले जातात. त्याच साली लीला चिटणीस लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकल्या. त्या साबणाच्या जाहिरातीतली ती पहिली भारतीय अभिनेत्री.

या दोन जाहिराती शेजारी ठेवून बघा. सुंदर अभिनेत्री आणि साबण, हा जोड डोळ्यांना पटतो. साबण कांतीचं वचन देतो आणि ती कांती समोर दिसते. पण फलंदाज आणि यकृताचं औषध? नायडूंना चेंडू कळत होता, यकृत नव्हे. तरीही ती जाहिरात विचित्र वाटत नाही, कारण टॉनिक म्हटलं की ताकद आठवते आणि ताकद म्हटली की षटकार. जोड औषधाच्या बाटलीत नाही, बघणाऱ्याच्या मनात आहे.

जाहिरातीचा अभ्यास करणारे याला 'मॅच-अप' म्हणतात. मराठीत आपण जुळणीचं गृहीतक म्हणू. प्रसिद्धी एकटी पुरत नाही. त्या माणसाची ओळख आणि मालाचा दावा एकमेकांत बसले, तरच जाहिरात चालते, असं हे गृहीतक सांगतं.

(दृश्य: टेबलावर चार कोरे कागद, कोणीतरी ते दोन-दोनच्या चौकटीत मांडतं.)

ते तपासायला शेकडो जाहिराती लागत नाहीत. चार पुरतात. 1990 साली मायकेल कॅमिन्स यांनी अमेरिकेत हेच केलं. दोन नट घेतले : देखणा मानला जाणारा टॉम सेलेक आणि तसा न मानला जाणारा, टकला टेली सव्हालस. दोन वस्तू घेतल्या : आलिशान मोटार आणि घरगुती कॉम्प्युटर. प्रत्येक नट प्रत्येक वस्तूसोबत. मोटारीसोबत देखणा नट असला की त्याच्यावरचा विश्वास वाढला, जाहिरातही जास्त आवडली. कॉम्प्युटरच्या बाबतीत चेहरा बदलून फारसं काही बदललं नाही. म्हणजे देखणेपणा उपयोगी पडला, पण जिथे वस्तूच दिसण्याशी बांधलेली होती तिथेच.

आम्ही ही चौकट इंदूरच्या रामबागेतल्या एका मराठी मंडळात मांडायचं ठरवलं.

(दृश्य: संगणकाच्या पडद्यावर जाहिरात तयार होताना. डबा, कुपी, दोन चेहरे. चेहरे बदलतात, बाकी काही हलत नाही.)

हे दोन चेहरे तुम्ही ओळखले असतीलच. एक निवृत्त क्रिकेटपटू, एक हिंदी चित्रपटांतला नट. दोघंही पुरुष, वयाने जवळपास सारखे, घरोघर ठाऊक असलेले. क्रिकेटपटूसमोर एखादी अभिनेत्री ठेवली असती, तर फरक खेळामुळे पडला की स्त्री-पुरुष असल्यामुळे, हे कळलंच नसतं.

वस्तूही दोन. दुधात घालायच्या शक्तिवर्धक पावडरीचा डबा आणि अत्तराची कुपी. दोन्हींवरचं नाव आम्ही बनवलेलं. बाजारातलं नाव घेतलं की लोक आपल्या लहानपणीच्या चवीला गुण देतात, जाहिरातीला नाही.

बघा, पार्श्वभूमी तीच आहे. डबा हातात धरायची जागा तीच. हसू मात्र जुळवावं लागलं. नटाचा पहिला फोटो दात दाखवून हसणारा होता, क्रिकेटपटूचा गंभीर. तो तसाच राहिला असता, तर आम्ही चेहरे नाही, हसू मोजलं असतं. शेवटी ओठ मिटलेले दोन फोटो मिळेपर्यंत दोन दिवस गेले. ते दोन दिवस या सगळ्या कामात सर्वांत मोलाचे होते असं मला आजही वाटतं.

(दृश्य: प्रश्नपत्रिकेचा कच्चा मसुदा, तांबड्या शाईने खोडलेले शब्द.)

पुढची अडचण शब्दांची. जाहिरातीतल्या माणसाला तोलायला रुबिना ओहानियन यांनी 1990 साली एक मोजपट्टी बनवली. तिच्यात पंधरा विशेषणांच्या जोड्या आहेत : पाच दिसण्याच्या, पाच विश्वासाच्या, पाच जाणकारीच्या. इंग्रजीत विश्वासाचे पाच शब्द वेगवेगळे वाटतात. मराठीत उतरवताना त्यातले तीन 'भरवशाचा'पाशी येऊन थांबले. दिसण्याच्या गटातला एक शब्द तर मंडळातल्या आजींसमोर उच्चारणं कठीण होतं. म्हणून आम्ही तीनच प्रश्न ठेवले. हा माणूस दिसायला कसा वाटतो? हा खरं बोलेल असं वाटतं का? आणि या वस्तूतलं याला कळत असेल का? प्रत्येकाला एक ते सात गुण.

तिसऱ्या प्रश्नाकडे लक्ष ठेवा. 2000 साली टिल आणि बसलर या दोघांनी दाखवलं, की एनर्जी बारसाठी खेळाडू नटापेक्षा जास्त उपयोगी ठरतो. त्यांच्या कामात दिसण्यापेक्षा जाणकारीची जुळणी जास्त वजनदार निघाली.

(दृश्य: मंडळाचा हॉल. सतरंज्या, पंखे, भिंतीवर गणपतीची तसबीर. चहाचे पेले.)

हा रामबागेतल्या त्या मंडळाचा हॉल. हे चित्रीकरण दुसऱ्या संध्याकाळचं. पहिल्या संध्याकाळी कॅमेरा नव्हता, आणि ती संध्याकाळ आम्हाला फेकून द्यावी लागली. आम्ही कागद रांगेप्रमाणे वाटले होते. पुढच्या रांगेत ज्येष्ठ मंडळी, मागे मुलं. क्रिकेटपटू आणि पावडर ही जाहिरात जवळजवळ सगळी मुलांच्या हाती गेली. कागदाच्या तळाशी वय विचारलं होतं म्हणून कळलं. नाहीतर मुलांचं क्रिकेटवेड आम्ही जुळणी म्हणून सांगून मोकळे झालो असतो.

(दृश्य: बंद पाकिटं पत्त्यांसारखी पिसली जातात. जवळून हात.)

म्हणून आता ही चाळीस पाकिटं पिसली जात आहेत. प्रत्येक जाहिरातीची दहा. कुणाला कुठलं पाकीट जाईल हे वाटणाऱ्यालाही माहीत नाही. एका माणसाला एकच जाहिरात. दोन्ही चेहरे दाखवले असते, तर माणूस लगेच ताडतो की आपल्याला तुलना करायची आहे, आणि मग तो शहाण्यासारखं उत्तर देतो, खरं नाही.

प्रश्नांचा क्रमही ठरलेला आहे. आधी वस्तूबद्दल, मग माणसाबद्दल, आणि 'हे दोघं एकमेकांना शोभतात का' हा प्रश्न अगदी शेवटी. तो आधी विचारला तर जुळणीची कल्पना आपणच त्यांच्या डोक्यात घातली असं होतं.

(दृश्य: लोक कागद भरताना. एक काकू चष्मा वर करून फोटो जवळून बघतात. एक मुलगा पेन्सिल चावतो.)

(इथे आठ सेकंद निवेदन नाही.)

(दृश्य: फळ्यावर दोन-दोनची चौकट, खडूने आकडे.)

कागद जमले. आता मोजायचं काय? बहुतेक जण इथेच चुकतात. समजा, पावडरीला क्रिकेटपटूसोबत पाच गुण पडले आणि नटासोबत चार. लोक म्हणतील, बघा, जुळणी! पण समजा, अत्तरालाही क्रिकेटपटूसोबत पाच आणि नटासोबत चारच पडले. फरक दोन्हीकडे एकच. म्हणजे क्रिकेटपटू लोकांना जास्त आवडतो, इतकंच कळलं. जुळणी म्हणायची, तर वस्तू बदलली की हा फरकही बदलला पाहिजे. अत्तराकडे तो पुसला गेला पाहिजे किंवा उलटा झाला पाहिजे. म्हणूनच चौथा कागद लागतो. तीन जाहिरातींवर हे कधीच सिद्ध होत नाही.

आमच्या चौकटीत पावडरीच्या बाजूला क्रिकेटपटू स्पष्टपणे पुढे निघाला. अत्तराच्या बाजूला नट पुढे जाईल अशी आमची अपेक्षा होती. तो गेला नाही. दोघं जवळपास बरोबरीत राहिले. शेवटच्या प्रश्नात मात्र लोकांनी नट आणि अत्तर शोभतात असंच लिहिलं होतं. शोभतात हे मान्य, पण त्यामुळे अत्तर जास्त आवडलं नाही. एका गृहस्थांनी समासात लिहिलं, "वास घेतल्याशिवाय काय सांगू?" मला हे उत्तर फार पटलं. अत्तराची परीक्षा नाकाने लगेच होते, तिथे चेहऱ्याचं काम उरत नाही. पावडरीने ताकद आली की नाही हे कुणालाच लगेच कळत नाही, आणि चेहरा बरोबर त्या जागेत येऊन बसतो.

दहा-दहा कागदांवरचा निकाल किती पक्का? आम्ही एकेक कागद बाजूला काढून पुन्हा सरासरी काढली. क्रिकेटपटू मागे गेला नाही, पण दोन कागद काढल्यावर अंतर निम्म्यावर आलं. म्हणजे दिशा दिसते, माप नाही.

(दृश्य: एका कागदाचा जवळून शॉट. 'का?' या प्रश्नाखालची अक्षरं.)

पावडरीच्या कागदांवर 'का' या प्रश्नाखाली एकच वाक्य वेगवेगळ्या हस्ताक्षरांत येतं. "खेळाडू आहे, तो पीत असेलच." जाहिरातीत त्याने तसं कुठेही म्हटलेलं नव्हतं. आम्ही फक्त डबा त्याच्या हातात दिला होता.

2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी त्यातल्या प्रसिद्ध व्यक्तीलाही दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत. दाव्याची पुरेशी शहानिशा केली असेल तर सुटका आहे.

(दृश्य: हॉल रिकामा होतोय. पायऱ्यांजवळ एक आजी, हातात घडी घातलेला कागद.)

या आजींचा कागद सर्वांत शेवटी आला. त्यांना क्रिकेटपटू आणि पावडर मिळाली होती. माणूस भरवशाचा : सात. त्याला यातलं कळतं : सात. वस्तू चांगली : सात. विकत घ्याल का : एक.

आम्ही विचारलं, आजी, सगळीकडे सात आणि इथे एक कसा?

"अरे बाळा, तो चांगलाच आहे. पण नातू पुण्याला गेला. आता घरात दूध कोण पितं?"

मग त्यांना विचारलं, डब्यावरचं नाव काय होतं?

(दृश्य: आजी थोडा वेळ आठवतात. मग हसून हातानेच फटका मारून दाखवतात.)