पासबुकातले 436 रुपये

(दृश्य: बँकेचं प्रिंटर, पासबुकावर एकेक ओळ उमटते आहे)

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातलं हे पासबुक बऱ्याच महिन्यांनी छापायला आलंय. खातेदार कास्तकार होता. वय 47. जानेवारीत तो गेला. खातं मात्र चालूच राहिलं, कारण बँकेला कोणी कळवलं नाही.

दर महिन्याच्या 5 तारखेला मोटारसायकलचा हप्ता कटला आहे. मोबाइलवर सिनेमे दाखवणाऱ्या एका ॲपचे 149 रुपये दरमहा गेले आहेत. आणि मे महिन्यात दोन लहान आकडे दिसतात, 436 आणि 20.

(दृश्य: ओसरीवर त्यांची बायको, समोर कागदांची पिशवी)

"मले वाटलं, सांगतलं तं खातंच बंद करतीन. मंग घरात पैसा कोठून आणू?"

ही भीती गावोगावी ऐकू येते. बँकेला मृत्यू कळला की खात्यातून पैसे काढणं थांबतं, हे खरंच आहे. पण कंपन्यांचं कापणंही तिथेच थांबतं. प्रत्येक कंपनीच्या मागे फिरण्याआधी बँकेत एक अर्ज द्यायचा तो याचसाठी.

(दृश्य: पासबुकाचं पान जवळून, बोट ओळीवरून सरकतं)

अर्ज देण्याआधी हे पान नीट वाचा. जिथे NACH लिहिलंय, तो सहसा कर्जाचा नाहीतर विम्याचा हप्ता असतो. UPI ऑटोपे असेल तर पैसे कटायच्या किमान 24 तास आधी मेसेज येतो आणि त्यात कंपनीचं नाव असतं. म्हणून गेलेल्या माणसाचं सिम लगेच बंद करू नका. यादी पूर्ण होऊ द्या.

आता 436 पाहा. ही प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याची रक्कम, पासबुकात बहुतेक PMJJBY अशी छापलेली. हा विमा 1 जून ते 31 मे असा चालतो. या पानावर 436 दोनदा आहे. पहिला मृत्यूच्या आधीच्या मे महिन्यातला आणि दुसरा नंतरचा. पहिल्या ओळीचा अर्थ असा, की जानेवारीत विमा चालू होता आणि घरच्यांचे 2 लाख रुपये येणे आहेत. ही ओळ त्यांना कोणीच दाखवली नव्हती. दावा त्याच बँकेच्या शाखेत करायचा, शक्यतो मृत्यूपासून 30 दिवसांत. उशीर झाला तरी अर्ज द्यावा. दुसरे 436 परत मागण्याचं त्याच अर्जात लिहावं. 20 रुपये अपघात विम्याचे आहेत. साप चावून मृत्यू झाला असेल, तर तीही ओळ महत्त्वाची.

(दृश्य: ग्रामपंचायत कार्यालय, नोंदवही)

सगळ्यांच्या मुळाशी एकच कागद आहे, मृत्यू दाखला. मृत्यू जिथे झाला तिथेच त्याची नोंद होते. हे गृहस्थ नागपूरच्या दवाखान्यात वारले, म्हणून गावच्या ग्रामसेवकाकडे दाखला मिळाला नाही, नागपूरहून आणावा लागला. नोंद 21 दिवसांत झाली तर सोपं जातं. दाखल्यावरचं नाव आधार आणि पासबुकाशी जुळवून बघा. एकीकडे वडिलांचं नाव आणि दुसरीकडे नुसतं आडनाव असलं, तरी अर्ज परत येतो.

(दृश्य: टेबलावर मांडलेले कागद)

दाखल्याची प्रत, पासबुक, नॉमिनीचं आधार आणि पॅन, नॉमिनीच्या स्वतःच्या खात्याचा तपशील. साधारण इतकंच लागतं. ॲपची कंपनी विचारेल, तर दाखला आणि नोंदलेला मोबाइल नंबर बहुधा पुरतो. खात्यावर नॉमिनी नसेल तर प्रतिज्ञापत्र, हमीपत्र आणि रक्कम मोठी असेल तर वारस दाखला मागतात. सातबाऱ्यावर वारसाचं नाव चढलंय, हे बँक पुरेसं धरेलच असं नाही. खात्याचा नॉमिनी आणि विम्याचा नॉमिनी वेगवेगळे असू शकतात, म्हणून दोन्ही विचारून घ्या.

मोटारसायकलचा हप्ता थांबला म्हणजे कर्ज मिटलं असं नाही. फायनान्सवाल्याला लेखी कळवा आणि कर्जाच्या वेळी विमा काढला होता का, ते करारपत्रात पाहा. वारसाची जबाबदारी मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते, जामीनदाराची गोष्ट वेगळी.

(दृश्य: काउंटर, अर्जावर शिक्का)

अर्जात खाते क्रमांक, मृत्यूची तारीख आणि बंद करायच्या सगळ्या कपाती एकेक करून लिहिल्या आहेत. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतली आहे. तोंडी सांगून आलात तर पुढच्या 5 तारखेला पैसे पुन्हा कटू शकतात आणि मग दाखवायला हातात काही नसतं. नॉमिनी असेल आणि कागद पूर्ण असतील, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे खात्यातल्या पैशाचा दावा 15 दिवसांत निकाली काढायचा असतो. हे 15 दिवस पूर्ण कागद मिळाल्यापासून मोजले जातात.