जॉबवर्कचं चलन आणि फिट-गॅपची यादी

नमस्कार मंडळी. ईआरपी, म्हणजे कंपनीचा सगळा कारभार एकत्र चालवणारं सॉफ्टवेअर, बसवताना फिट-गॅप कशी करायची, म्हणजे आपल्या कामातलं काय त्यात बसतं आणि काय बसत नाही हे कसं ठरवायचं, हा मला दिलेला विषय. सगळा मांडत बसलो तर दिवस पुरणार नाही, म्हणून एकाच कारखान्यातलं एकच काम घेतो. कारखाना कागलच्या बाजूचा, कास्टिंग करणारा. नाव सांगत नाही, आणि आकडेही थोडे गोल केलेत. काम जॉबवर्कचं, म्हणजे आपल्या मालावर बाहेरच्या कारखान्याकडून प्रक्रिया करून घेण्याचं. कास्टिंग शिरोलीला मशीनिंगसाठी जातं, तिथून परस्पर गोकुळ शिरगावला पावडर कोटिंगला, आणि मग परत कारखान्यात. सॉफ्टवेअर एसएपी होतं, पण मी सांगतोय ते दुसऱ्या कुठल्याही पॅकेजला लागू पडेल.

आज काम कसं चालतं, याच्या ॲज-इज बैठका दोन दिवस झाल्या. उद्या कसं चालावं, याच्या टू-बी बैठका आणखी दोन दिवस. मग जॉबवर्कच्या भागाची 41 ओळींची एक्सेल तयार झाली. त्यात 19 ओळींपुढे गॅप लिहिलं होतं आणि 22 पुढे फिट.

19 गॅप बघून मालकांचा चेहरा पडला. मला काळजी 22 फिटची होती, पण तिकडे नंतर येतो.

गॅप म्हणजे कशात आणि कशात अंतर? टू-बीमधली पायरी आणि सिस्टीममध्ये तयार असलेली सोय, यांतलं. प्रत्यक्षात माणसं ॲज-इज डोक्यात ठेवूनच मोजतात. आज रजिस्टर आहे आणि सिस्टीममध्ये तसं रजिस्टर दिसत नाही, की लिहिला गॅप. आमच्या 19 पैकी निम्म्याहून जास्त ओळी याच जातीच्या होत्या. म्हणून ॲज-इजच्या बैठका फुकट, असं मात्र समजू नका. प्रत्येक सवयीमागचं कारण तिथेच कळतं, आणि पुढे निर्णय घ्यायला तेच लागतं.

सगळ्यात महाग ओळ स्टोअर्सची होती: "परत येणारा प्रत्येक नग मूळ चलनाशी जोडता आला पाहिजे." चलन म्हणजे मालासोबत जाणारा कागद. स्टोअरकीपरकडे एक जाडजूड रजिस्टर होतं. डाव्या पानावर गेलेलं चलन, उजव्या पानावर परत आलेला माल. रोज संध्याकाळी तासभर बसून ते जुळवायचे. डेव्हलपरनं नवीन स्क्रीन, चलन निवडायची खिडकी, अडवणूक करणारे नियम असं सगळं धरून 30 दिवसांचा अंदाज दिला.

मी विचारलं, हे कशासाठी लागतं? उत्तर आलं, "जीएसटीला लागतं." इथे बहुतेक सल्लागार मान डोलावून पुढे जातात. कायदा म्हटला की कोणी वाद घालत नाही. पण कायद्याला नेमकं काय लागतं, ते उघडून बघायला हवं. सीजीएसटी कायद्याच्या कलम 143 नुसार जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल एका वर्षात परत आला पाहिजे, नाहीतर पाठवला त्या दिवशीच तो पुरवठा झाला असं धरलं जातं, आणि कर व्याजासकट मागे लागतो. म्हणजे कुठला माल किती दिवस बाहेर आहे, हे कळणं गरजेचंच. दुसरी गोष्ट आयटीसी-04 हा फॉर्म. वर्षाची उलाढाल 5 कोटींच्या वर असेल तर तो सहामाही भरायचा. परत आलेल्या मालापुढे मूळ चलनाचा नंबर लिहायला त्यात रकाना आहे. पण खालच्या टीपेत म्हटलंय की गेलेला आणि आलेला माल एकास एक जुळवणं शक्य नसेल तर तो रकाना भरला नाही तरी चालतो.

मग स्टोअरकीपरना विचारलं, शिरोलीहून क्रेट येतो त्यात तीन चलनांची कास्टिंग मिसळलेली असतात. कुठला नग कुठल्या चलनाचा, हे तुम्हाला कळतं कसं? ते हसले. म्हणाले, "साहेब, कळतंय कुठलं? जुनं चलन आधी मारायचं."

म्हणजे इतकी वर्षं ते हातानं फिफोच करत होते! नगाचा चलनाशी खरा संबंध रजिस्टरलाही माहीत नव्हता. मग गरज उरली ती एवढीच: जॉबवर्कर आणि आयटम यांनुसार, जुनं आधी वजा करत, शिल्लक किती दिवसांची आहे ते दाखवणारा रिपोर्ट, आणि दहा महिने उलटले की लाल रंग. चार दिवसांचं काम. मशीनिंगसाठी दिलेले जिग आणि फिक्स्चर त्यातून वगळले, कारण त्यांना ती मुदतच नाही. या निर्णयाखाली कंपनीच्या सीएंची सही घेतली. कायद्याचा अर्थ लावायची जबाबदारी सल्लागारानं स्वतःच्या डोक्यावर घेऊ नये.

त्या दिवसापासून आमच्या एक्सेलमध्ये एक रकाना वाढला: नियम कोणाचा? कायद्याचा, गिऱ्हाइकाचा की आपला? नियम आपला निघाला, तर आधी विचारायचं की तो सोडला तर काय बिघडेल. चलनाच्या तीन प्रतींचा छापील नमुना हा सरळ कायद्याचा मामला, जीएसटी नियम 55 चा. त्यावर चर्चा कसली करायची? करून टाकला.

आता दुसऱ्या ओळीकडे वळू: शिरोलीहून परस्पर गोकुळ शिरगावला. आमच्या टीममधल्या पोरानं इथे गॅप लिहिला होता, कारण त्यानं हे कधी करून बघितलं नव्हतं. सोय सिस्टीममध्ये आहे. शिरोलीच्या परचेस ऑर्डरवर पोचवायचा पत्ता म्हणून कोटिंगवाल्याचं खातं द्यायचं आणि तो जॉबवर्कर आहे अशी खूण करायची. मग माल जमा केला की तो आपल्या स्टोअर्सऐवजी थेट कोटिंगवाल्याकडच्या आपल्या शिलकीत जातो. एक ओळ कोड लागत नाही. पोरानं गॅप खोडून फिट लिहिलं आणि पुढे निघाला. मी थांबवलं. माल आपल्या गेटवर येणारच नाही, तर तो जमा करणार कोण, आणि कशाच्या आधारावर? आणि मशीनिंग नीट झालंय की नाही, हे कोटिंगच्या आधी तपासणार कोण? कोटिंग झाल्यावर बोअरमधला दोष सापडला, तर दोघंही एकमेकांकडे बोट दाखवणार. अंतर सॉफ्टवेअरमध्ये नव्हतंच, माणसांच्या कामाच्या वाटणीत होतं. शेवटी असं ठरलं की कोटिंगवाल्यानं माल मिळाल्याची सही केलेलं चलन व्हॉट्सॲपवर पाठवायचं, ते बघून परचेसच्या माणसानं त्याच दिवशी नोंद करायची, आणि आपला इन्स्पेक्टर आठवड्यातून तीनदा शिरोलीला जाणार. एक्सेलमध्ये हे "प्रोसेस बदल" म्हणून गेलं, पुढे नाव आणि तारीख लिहून. नाव-तारीख नसलेला प्रोसेस बदल गो-लाइव्हच्या, म्हणजे सिस्टीम प्रत्यक्ष सुरू व्हायच्या, आदल्या रात्री गॅप होऊन उगवतो.

आता फिटकडे. गॅपवर दहा जण तुटून पडतात, पैसे लागतात म्हणून प्रश्न विचारतात. फिट लिहिलं की ती ओळ परत कोणी वाचत नाही. म्हणून आम्ही नियम केला की कंपनीचाच आयटम, कंपनीचीच गेल्या महिन्यातली आवक, ती टेस्ट सिस्टीममध्ये टाकून दाखवायची. स्क्रीनवर झाली तर फिट. "होईल हो" या उत्तराला जागा नाही.

27 वी ओळ होती "जॉबवर्करकडचं स्क्रॅप: फिट." सल्लागार पाठ्यपुस्तकाप्रमाणे बरोबर होता. कास्टिंग 8.4 किलोचं, मशीनिंग झाल्यावर 6.9 किलो, म्हणजे नगामागे 1.5 किलो बोरिंग, मशीनिंगमध्ये निघालेला चुरा. बीओएममध्ये, म्हणजे एका नगाला काय-काय लागतं त्या यादीत, बोरिंग निगेटिव्ह क्वांटिटीनं टाकलं, की माल जमा करताना कास्टिंग वजा होतं आणि बोरिंग आपोआप चढतं. आम्ही 500 नगांची खरी आवक टाकली. हिशोबात 750 किलो बोरिंग चढलं. त्या दिवशीच्या गाडीत एक किलोही नव्हतं, कारण बोरिंग महिन्यातून एकदा टेम्पोनं येतं, काट्यावर वजन होऊन. आणि आजवरच्या पावत्या बघितल्या तर ते कधीच हिशोबाइतकं भरत नाही. थोडी भुकटी उडते, थोडं झाडलोटीत जातं. मग हा फरक कुणाच्या खात्यावर? सिस्टीम तो शिरोलीवाल्याच्या नावावर साठवत राहणार, आणि वर्षअखेरीला ऑडिटर विचारणार.

तेवढ्यात परचेसवाले हळूच बोलले, "काही आयटमला बोरिंग त्याचंच असतं. रेट त्या हिशोबानं कमी लावलाय." टू-बीच्या दोन दिवसांत हे एकदाही निघालं नव्हतं, स्क्रीनवर 750 चा आकडा दिसल्यावर निघालं. म्हणजे एका फिटच्या पोटात दोन वेगळे व्यवहार होते, आणि दुसरा तर कुठे लिहिलेलाच नव्हता.

पर्याय तीन होते. दोन्ही व्यवहार सांभाळणारा प्रोग्राम बांधायचा. नाहीतर बोरिंग सिस्टीमबाहेर ठेवून एक्सेलवर चालवायचं. नाहीतर व्यवहारच एक करायचा. मालकांनी तिसरा घेतला: सगळं बोरिंग कंपनीचं, रेट वाढवून द्यायचा, महिन्याच्या काट्यावर 5 टक्क्यांपर्यंतची घट मान्य, त्यापुढे डेबिट नोट. कोड शून्य. पण जॉबवर्करांशी रेट ठरवण्यात सहा आठवडे गेले आणि वेळापत्रक तेवढं सरकलं. प्रोसेस बदल फुकट पडतो, असं म्हणणाऱ्यानं एकदा जॉबवर्करसमोर बसून बघावं.

एक शब्दाची गंमत सांगतो, कारण तिच्यापायी भांडणं होतात. आपल्याकडे कस्टमायझेशन म्हणजे कोड लिहिणं. एसएपीच्या भाषेत कस्टमायझिंग म्हणजे सेटिंग करणं, कोड नव्हे. कराराच्या कागदावर "कस्टमायझेशन समाविष्ट" असं लिहिलं की गिऱ्हाईक एक समजतं, पुरवठादार दुसरं. आम्ही एक्सेलमध्ये तो शब्दच बंद केला. सेटिंग, प्रोसेस बदल, हातानं करायचं, कोड, असे चारच शब्द ठेवले. हातानं करायचं म्हणजे वर्षातून दोनदा येणारी कामं; दोनदाच्या कामासाठी स्क्रीन बांधू नये.

आणि सेटिंग म्हणजे फुकट, हाही भ्रमच. गिऱ्हाइकाला कास्टिंगचा हीट नंबर, म्हणजे ते धातूच्या कुठल्या वितळणीतलं आहे तो नंबर, शेवटपर्यंत हवा होता. त्यासाठी सिस्टीममध्ये बॅच चालू करणं ही एक टिचकी. पण त्यानंतर प्रत्येक आवकेला, प्रत्येक चलनाला कोणीतरी बॅच निवडायची, आणि एकदा साठा चढला की ते बदलणं जिकिरीचं. आम्ही ज्या आयटमना गिऱ्हाईक मागतं तेवढ्यांनाच ते लावलं.

शेवटी 19 पैकी तीनच ओळी कोडपर्यंत पोचल्या, आणि 22 फिटमधल्या चार फुटल्या. स्टोअरकीपरांनी आपलं रजिस्टर सोडलं नाही. मीही सोडायला सांगितलं नाही, तीन महिने दोन्ही चालू द्या म्हटलं. तिसऱ्या महिन्यात रिपोर्ट आणि रजिस्टर यांत 40 नगांचा फरक आला. रिपोर्ट म्हणत होता की ते शिरोलीला आहेत. रजिस्टरप्रमाणे ते कोटिंगला गेले होते, आणि रजिस्टर बरोबर होतं. व्हॉट्सॲपवर चलन आलं होतं, परचेसचा माणूस गावाकडे जत्रेला गेला होता, आणि त्याच्या जागी नोंद कोणी करायची, हे आम्ही एक्सेलमध्ये लिहिलंच नव्हतं.

आता तुमचे प्रश्न घेतो.