पाटीवरचा अनुस्वार

नमस्कार. आजचा विषय पत्रिकेत 'देवनागरी पाट्या : हाताच्या आणि छापलेल्या' असा दिलाय. छापलेली पाटी नेमकी कुठे बिघडते आणि ती कशी सुधारता येईल, हे मी शेवटी सांगणार आहे. त्याआधी एक गोष्ट सांगतो. गोष्ट मी रचलेली आहे. पेंटर रचलेला, गाव रचलेलं. त्याच्या हातातलं काम मात्र रचलेलं नाही. पाटी रंगवणाऱ्याच्या मागे उभं राहून ज्यांनी कधी दुपार घालवली असेल, त्यांना ते लगेच ओळखू येईल.

तर गावात एक पेंटर. त्याला सगळे पेंटरच म्हणत, त्याची बायकोसुद्धा. गावातल्या ग्रंथालयाला नवी इमारत मिळाली तेव्हा पाटीचं काम त्याच्याकडे आलं. मजकूर दोनच शब्दांचा : सार्वजनिक ग्रंथालय. पत्रा दहा फूट लांब, दोन फूट उंच. पत्र्याला प्रायमर, त्यावर पांढऱ्या ऑइल पेंटचे दोन हात, मध्ये पॉलिश पेपरने घासणं, हे सगळं झालं आणि पेंटर पत्र्यासमोर नुसता बसून राहिला. कमिटीतले एक गृहस्थ दोनदा येऊन गेले. त्यांना वाटलं, कामाला सुरुवातच झालेली नाही.

खरं तर काम तेव्हाच चाललं होतं. तो मोजत होता. पूर्ण अक्षराला एक घर, कान्याला अर्धं, वेलांटीला अर्धं. सार्वजनिक : सा दीड, र्व एक, ज एक, नि दीड, क एक. झाली सहा घरं. ग्रंथालय : ग्रं एक, था दीड, ल एक, य एक. साडेचार. दोन शब्दांमध्ये एक घर मोकळं. एकूण साडेअकरा. दहा फूट म्हणजे एकशेवीस इंच. दोन्ही कडांना चार-चार इंच सोडले की उरले एकशेबारा. भागिले साडेअकरा. एका घराला पावणेदहा इंचांच्या आसपास आले.

मग उंची. इथे देवनागरीचा खरा पेच आहे आणि तो मला फार आवडतो. रोमन मोठ्या लिपीतली अक्षरं सगळी एका उंचीची, त्यामुळे पट्टा आखला की तो पूर्ण वापरता येतो. आपलं तसं नाही. शिरोरेषेच्या वर वेलांट्या, मात्रा, रफार, अनुस्वार. खाली उकार, ऋकार. म्हणजे एका ओळीत तीन मजले. पाटीची उंची तीच राहते, पण मजकुरात वरचं आणि खालचं दोन्ही असलं की मधलं अक्षर आपोआप लहान करावं लागतं. 'सार्वजनिक ग्रंथालय' या दोन शब्दांत उकार एकही नाही! पेंटर त्या दिवशी खूश होता तो यासाठी. वरच्या मजल्याला पाच इंच दिले, अक्षराच्या अंगाला अकरा, वर-खाली चार-चार मोकळे. तेच 'पुस्तकालय' असतं तर खाली उकाराला तीन इंच तरी गेले असते आणि अक्षर आठ-नऊ इंचांवर आलं असतं. पाटी रंगवणाऱ्यांचा ठोकताळा असा, की इंचभर उंचीचं अक्षर दहा फुटांवरून सुखाने वाचता येतं. अकरा इंच म्हणजे एकशेदहा फूट. ग्रंथालयासमोरचा रस्ता ओलांडून, मैदानाच्या पलीकडून वाचता येईल असं अक्षर.

मग खडूची दोरी ताणून मारली, शिरोरेषेच्या दोन रेघा आणि पायाची एक. अक्षरं खडूने नुसती सुचवली. आखलेली घरं इथे त्याने मोडली, कारण र अंगाने बारीक आणि क दोन्हीकडे पसरलेला. दोघांना सारखी जागा दिली तर र च्या बाजूला भगदाड दिसतं. ते डोळ्याने भरायचं, पट्टीने नाही. मग डाव्या हातात टेकूची काठी, तिच्यावर उजवं मनगट, चपटा ब्रश, टर्पेंटाइन घालून इतपत पातळ केलेला रंग की ब्रश अडकू नये आणि ओघळही येऊ नये. अक्षराची उभी दांडी दीड इंचाची. अक्षरं पुरी करून शिरोरेषा सगळ्यात शेवटी, म्हणजे अक्षरांमधलं अंतर कुठे जरा जास्त झालं असेल तर ती रेघ सगळ्यांना एकत्र धरते. आणि अगदी शेवटी अनुस्वार. ग्र च्या डोक्यावर, दोन इंचांचा, हाताने काढलेला गोल. पाटीच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात बोटभर अक्षरांत सही.

त्या सहीबद्दल थोडं बोलू द्या, कारण माझ्या मते पेंटरच्या अक्षरांचा अर्थ तिथे आहे. सही होती म्हणून जबाबदार माणूस होता. एखादी वेलांटी चुकीची पडली की शाळेतले मास्तर त्याला चौकात थांबवून सांगायचे, आणि तो शिडी घेऊन जाऊन दुरुस्त करायचा. मजकूर अशुद्ध लिहून आला तर तो विचारल्याशिवाय रंगवायचा नाही. त्याचा क ओळखू यायचा, डावं पोट उजव्यापेक्षा भरलेलं. नवीन माणसाला पत्ता सांगताना लोक 'पेंटरचा मोठा ग्र दिसेल तिथे वळा' म्हणायचे, आणि हे सांगणाऱ्यांत वाचता न येणाऱ्या बायकाही होत्या. पहिलीतली पोरं त्या पाटीखाली उभी राहून हवेत बोटाने ज काढायची. पेंटरला हे माहीत होतं. म्हणून त्याने ज ची गाठ कधी घाईत मारली नाही.

बरीच वर्षं गेली. ऑइल पेंटचं पांढरं पिवळट पडलं, खालच्या कडेला पत्रा गंजला. कमिटीने ठरवलं, फ्लेक्स लावू. पेंटरला जुनी पाटी उतरवायला बोलावलं, कारण ती कुठे-कुठे ठोकलेली आहे हे त्यालाच ठाऊक. त्याने ती उतरवली आणि नवी चढताना बघत उभा राहिला. लोखंडी चौकटीवर ताणलेलं चकचकीत कापड, मागे निळं आकाश, दोन्ही बाजूंना पुस्तकांची चित्रं. मजकूर असा दिसत होता : 'सार् वजनकि ग् रंथालय'.

तुम्ही हसलात, पण ही चूक तुम्ही सगळ्यांनी पाहिलेली आहे. ती ऑपरेटरच्या मराठीतून आलेली नसते. संगणकात 'नि' साठवताना आधी न असतो आणि मग वेलांटी. पडद्यावर ती वेलांटी उचलून न च्या आधी आणून ठेवायचं काम सॉफ्टवेअरचं. ज्या सॉफ्टवेअरला देवनागरीची ही जोडणी येत नाही किंवा ज्यात ती सुरू केलेली नाही, ते वेलांटी न च्या नंतरच ठेवतं. तिची कमान मग पुढच्या क वर जाते आणि 'निक' चं 'नकि' होतं. रफार वर चढत नाही, र चा पाय मोडलेला राहतो. ग्र सुद्धा तुटतो. पेंटरने कमिटीला दाखवलं. कमिटी म्हणाली, फाइल तशी आली. ऑपरेटर म्हणाला, मजकूर पाठवला तसा छापला. पेंटरने सवयीने पाटीचा उजवा कोपरा पाहिला. तिथे छापणाऱ्याचा फोन नंबर होता, नाव नव्हतं.

दुसऱ्यांदा छापून आलं तेव्हा मजकूर शुद्ध होता. सगळ्यांना बरं वाटलं. पेंटर तरी बघतच राहिला. कमिटीतल्या त्या गृहस्थांनी विचारलं, आता काय राहिलं? तो म्हणाला, अनुस्वार बघा. त्यांना काही दिसेना. तो म्हणाला, आडवा झालाय.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आलीय, म्हणून गोष्ट इथेच सोडतो. जे सांगायचं कबूल केलं होतं ते आता भरभर सांगतो.

अनुस्वार आडवा का होतो? ऑपरेटरने मजकूर टाइप केला, उंची बसवली. लांबी भरली पंचाहत्तर इंच, आणि भरायची होती एकशेबारा. त्याने बाजूची कड धरून मजकूर आडवा दीडपट ताणला. दीड इंचाची उभी दांडी सव्वादोन इंचांची झाली. आडवी शिरोरेषा होती तेवढीच जाड राहिली. दोन इंचांचा गोल तीन इंच रुंद झाला. अक्षराच्या जाड-बारीकपणाचा सगळा हिशोब बिघडला. तुम्हाला पाटी खटकते पण कारण सांगता येत नाही, तेव्हा अनुस्वार बघा. तो गोल किंवा चौकोनी जसा काढलेला असेल तसा आहे की दबलेला आहे, एवढ्यावरून पाटी ताणलेली आहे का ते कळतं.

आता ऑपरेटर का ताणतो? रोमन लिपीत लांबी भरायची तर अक्षरांमधलं अंतर वाढवता येतं, कुणाचं काही बिघडत नाही. आपल्याकडे अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे दिसतात. म्हणून त्याच्या हाताशी ताणणं एवढाच उपाय राहतो. पेंटर अंतर वाढवायचा आणि शिरोरेषा लांबवायचा. छापील पाटीतही हेच करता येतं : मजकुराचं आकृतीत रूपांतर करायचं, अक्षरं न ताणता सरकवायची आणि शिरोरेषेतल्या फटी तेवढ्याच जाडीच्या आयताने बुजवायच्या. काही मिनिटांचं काम आहे. त्यालाही मर्यादा आहे. अंतर फार वाढवलं तर अक्षरं वाळत घातल्यासारखी लटकतात. तेव्हा मुळात रुंद अक्षर घ्यावं. 'एक टाइप' या संस्थेचा 'अनेक' हा 2022 साली आलेला टंक अरुंदपासून रुंदपर्यंत बदलतो आणि त्यात दांड्यांची जाडी सांभाळलेली असते, शिवाय तो मोफत आहे. 'मंगल' मात्र पाटीवर घालू नका. र. कृ. जोशींनी तो संगणकाच्या पडद्यावर लहान आकारात वाचता यावा म्हणून घडवला होता. दहा फुटांच्या पाटीवर तो उघडा पडतो, आणि त्यात जोशींचा काही दोष नाही.

शेवटचं. गावात जुन्या पाट्या उतरताहेत. फोटो काढताना शिडीवर चढा, कॅमेरा अक्षरांच्या समोर सरळ धरा आणि पाटीला फूटपट्टी चिकटवा, म्हणजे दांडीची जाडी, शिरोरेषेची जाडी आणि अक्षरांमधली अंतरं नंतर मोजता येतील. खालून तिरका काढलेला फोटो या कामाला उपयोगी नाही, त्यातही अनुस्वार दबलेलाच दिसतो. कोपऱ्यातली सही वेगळी, जवळून टिपा. आणि पेंटर हयात असेल तर त्याला विचारा, अंगाला किती इंच दिले होते. त्याला ते आठवत असतं.

आता प्रश्न घेऊ या. मागून हात वर आहे, बोला.