‘बाईच असणार!’ : स्टिअरिंगवरचे आणि पोळपाटावरचे शिळे विनोद

नमस्कार मंडळी. आज एक कबुली देऊन सुरुवात करतो. आमच्या घरात ‘बायका आणि गाडी’ या विषयावरचे सगळ्यात जास्त विनोद माझ्या नावावर आहेत. ‘पापा की परी’वाले व्हिडिओ फॅमिली ग्रुपवर टाकणारा मीच, आणि खाली हसून लोळणारे चेहरे टाकणाराही मीच. त्यामुळे आजचा व्हिडिओ उपदेशाचा नाही. ज्याने भांडं सांडलं, तोच पुसतोय, असं समजा.

दोन पावसाळ्यांपूर्वी आम्ही सहाजण दापोलीला गेलो होतो. मोठी गाडी, सहा माणसं, मागे बॅगा, त्यात दादाने घेतलेलं आंबापोळीचं खोकं. परतताना माणगावात चहा झाला आणि वहिनी म्हणाली, इथून मी चालवते. तिच्याकडे आठ वर्षांपासून लायसन्स आहे, पुण्यात रोज ऑफिसला गाडी नेते. ताम्हिणीत रविवारची संध्याकाळ, धबधब्यांची गर्दी, वाहनं मुंगीच्या पावलांनी चाललेली. एका चढाच्या वळणावर पुढची गाडी थांबली, आम्ही थांबलो. रांग हलली, वहिनीने क्लच सोडला आणि गाडी हातभर मागे येऊन बंद पडली.

मागच्या सीटवरून मी म्हणालो, “चला, उतरा सगळे, धक्का मारायची वेळ आली!” मामा म्हणाले, “बाईच्या हाती घाट म्हणजे देवाचं नाव घ्या.” सगळे हसले. वहिनीही हसली. मग दुसऱ्यांदा गाडी बंद पडली. मागून हॉर्न. तिसऱ्या वेळेला गाडी निघाली. पुढे जरा रुंद जागा आल्यावर तिने गाडी बाजूला घेतली, दादाला म्हणाली, “घे तूच.”

आता यातला तांत्रिक भाग सांगतो, कारण खरी गोष्ट तिथेच आहे. गिअरची गाडी चढावर उचलताना हँडब्रेक ओढून ठेवायचा, पहिला टाकायचा, आणि क्लच हळूहळू वर आणत जायचा. एका जागी इंजिनाचा आवाज खाली बसतो आणि गाडीचं नाक किंचित हलतं. आपण ज्याला हाफ क्लच म्हणतो तो हाच. तिथे पाय धरून ठेवायचा, थोडं अॅक्सिलरेटर द्यायचं आणि मगच हँडब्रेक सोडायचा. शहरात एकटं चालवताना हे सगळं अंदाजाने जमतं. पण सहा माणसं आणि सामान असेल तर तोच अंदाज कमी पडतो, गाडीला जास्त रेस लागते. आणि हे जमवायला काय लागतं? इंजिनाचा आवाज ऐकू यावा लागतो. आम्ही पाचजण हसत होतो!

दादाने गाडी घेतली आणि वीसएक मिनिटांनी, तसल्याच चढावर, त्याच्या हातातही ती बंद पडली. तेव्हा आम्ही काय म्हणालो? मामा म्हणाले, “क्लचप्लेट गेलेली दिसते.” मी म्हणालो, “लोड जास्त झालाय.” तीच गाडी, तोच घाट, तीच चूक. वहिनीची चूक बाईची ठरली, दादाची चूक गाडीची ठरली. हे तेव्हा कुणाच्याच लक्षात आलं नाही. घरी आल्यावर वहिनीने एका वाक्यात दाखवून दिलं, “मग माझ्या वेळेला लोड कमी होता का रे?”

या विनोदाचं यंत्र असं चालतं. रस्त्यावर एखादा माणूस आडवा घुसला तर आपण म्हणतो, “येडा आहे का?”, “पिऊन आलाय वाटतं.” शिवी त्या एकट्याला लागते. तिथे बाई असेल तर आपण काच खाली करून नुसतं बघतो आणि म्हणतो, “वाटलंच.” वाटलंच म्हणजे काय? म्हणजे उत्तर आधीच लिहून ठेवलेलं होतं, आपण फक्त ताळा पाहिला. आणि गंमत बघा, आपण गाडीच्या आत कोण आहे हे कधी बघतो? चिडल्यावरच. दिवसभरात बाजूने नीट गेलेल्या शंभर बायकांकडे कुणी मान वळवून बघत नाही. त्यामुळे आपल्या डोक्यातल्या वहीत फक्त चुकणाऱ्या बायकांचीच नोंद होत जाते आणि आपण त्याला अनुभव म्हणतो. (पुणेकर हाच खेळ नंबरप्लेटवरून खेळतात. पिंपरी-चिंचवडचं एमएच १४ दिसलं की पुण्याचे एमएच १२ वाले मान हलवतात. तिथे निदान प्लेट बदलता येते.)

बरं, कुणी म्हणेल, एवढं काय, गंमतच तर आहे. बोलण्याने का कुणाची गाडी बंद पडते? पडू शकते. ऑस्ट्रेलियात एक प्रयोग झाला, २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. बायकांना ड्रायव्हिंगच्या सिम्युलेटरवर बसवलं. काहींना सांगितलं, पुरुष बायकांपेक्षा चांगले ड्रायव्हर का असतात हे आम्ही तपासतोय. उरलेल्यांना असं काही सांगितलं नाही. मग सिम्युलेटरमध्ये अचानक रस्ता ओलांडणारी माणसं आली. ज्यांच्या कानावर ते वाक्य पडलं होतं, त्यांच्याकडून पादचाऱ्याला धडक बसण्याची शक्यता दुपटीहून जास्त निघाली. बायका त्याच प्रकारच्या, यंत्र तेच, फरक एका वाक्याचा. अर्थात सिम्युलेटर म्हणजे ताम्हिणी नव्हे, हे मान्य. पण कारण समजायला सोपं आहे. डोक्याचा एक कोपरा ‘आता चुकले तर हे काय म्हणतील’ यात अडकला, की रस्त्यासाठी तेवढा कोपरा कमी उरतो. वहिनीची दुसऱ्यांदा गाडी बंद पडली ती आमच्या हसण्यानंतर. पहिली चूक तिची. दुसरीत आमचाही हात होता असं मला आता वाटतं.

आणि नंतरची गोष्ट जास्त वाईट. त्या दिवसापासून लांबच्या प्रवासात वहिनीने किल्ली मागितलीच नाही. घाटात चालवलं नाही म्हणजे घाटाची सवय नाही, सवय नाही म्हणजे पुढच्या वेळी चूक होणारच, आणि चूक झाली की आम्ही “वाटलंच” म्हणायला मोकळे. विनोद स्वतःचा पुरावा स्वतःच तयार करतो. इकडे दादाला रात्री अकराला एकट्याने चारशे किलोमीटर गाडी ओढायची, डोळे चोळत. त्यात हसण्यासारखं काही नाही.

बोर घाट सगळ्यांना माहीत आहे. साताऱ्याच्या सुरेखा यादव, आशियातल्या पहिल्या महिला लोको पायलट, त्यांनी २०११ साली ८ मार्चला डेक्कन क्वीन चालवली, आणि २०२३ च्या मार्चमध्ये सोलापूरहून मुंबईला वंदे भारत आणली. म्हणजे त्या घाटातून अख्खी आगगाडी न्यायला बाई चालते. आमच्या गाडीला मात्र मामांच्या मते देवाचं नाव लागतं.

आता स्वयंपाकाकडे येतो. इथे विनोद दोन्ही बाजूंनी होतात, म्हणून हा भाग जास्त निसरडा आहे. पोरीची पोळी वाकडी झाली की “हा कुठल्या देशाचा नकाशा?” आणि नवरा स्वयंपाकघरात शिरला की “अहो, मीठ कुठे असतं ते तरी माहीत आहे का?” पहिल्यावर बाप्ये हसतात, दुसऱ्यावर बायका. वाटतं, फिटंफाट झाली. पण नीट बघा. वाकड्या पोळीवर हसलं की पोरीला कळतं, गोल करणं हे तिचं काम आहे. आणि मीठ न सापडणाऱ्या नवऱ्यावर हसलं की त्याला काय कळतं? आपल्याला येत नाही म्हणजे आपल्याला करावं लागणार नाही! माझ्या वडिलांनी ‘मला चहा जमत नाही’ या वाक्यावर चाळीस वर्षं चहा प्यायला. दोन्ही विनोदांचा शेवट एकाच ओट्यापाशी होतो, आणि तिथे उभी असते ती बाईच.

सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात, घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ बिनपगारी घरकामात जातो असं दिसलं. घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ८८ मिनिटं. आणि ‘पुरुषांना स्वयंपाक जमतच नाही’ म्हणण्याआधी कुठल्याही लग्नात पंगतीमागे डोकावून बघा. पाचशे पानांची जिलेबी आणि मसालेभात करणारा आचारी कोण असतो? पुरुषच. पैसे मिळाले की पुरुषाला मीठ सापडतं.

“तुला विनोदच कळत नाही” हे वाक्य आता येईल, मला माहीत आहे, मी ते स्वतः वापरलंय. त्यात खोच अशी की समोरच्या बाईला दोनच वाटा उरतात. हसायचं, म्हणजे टोमणा मान्य. नाही हसायचं, म्हणजे खडूस. पिकनिकच्या गाडीत एकदा हे झालं की पुढची सीट आणि मागची सीट अशा दोन टोळ्या होतात. मग मावशी उलट “पुरुषांना रस्ता विचारायची लाज वाटते” सुरू करते, आणि पुढचे तीन तास कुणीच कुणाशी बोलत नाही, सगळे आपापल्या बाजूचं बोलतात. अमेरिकेतल्या एका प्रयोगात, तोही २००८ चा, असं दिसलं की बायकांना कमी लेखणारे विनोद वाचल्यावर काही पुरुषांनी बायकांच्या संस्थेला कमी देणगी द्यायची तयारी दाखवली. सगळ्याच पुरुषांनी नाही, ज्यांच्या मनात आधीच अढी होती त्यांनी. आणि तीच मतं विनोदाशिवाय, सरळ वाक्यात वाचायला दिली तेव्हा तसा परिणाम दिसला नाही. म्हणजे अढी आधीची, पण विनोदाने तिला परवानगी दिली.

मी चिडवणं बंद केलेलं नाही, आमच्याकडे ते जमणारही नाही. फक्त विनोद तोंडात आला की त्यातून ‘बाई’ किंवा ‘पुरुष’ काढून बघतो. वहिनीने एकदा सोसायटीत स्वतःचीच कुंडी आपल्या बंपरखाली घेतली होती, त्यावर मी अजून चिडवतो, “जास्वंदीला कट मारलास.” त्यात तिची कुंडी आहे, तिची जास्वंद आहे, म्हणून तीच सगळ्यात आधी हसते. “बायकांना रिव्हर्स जमत नाही” यातून ‘बायका’ काढलं तर उरतं काय? रिव्हर्स. ते वाक्य दुसऱ्या कुणीही, कुठल्याही गाडीत म्हटलेलं असू शकतं, म्हणूनच ते पहिल्या शब्दाला कळतं आणि शिळं लागतं.

या मे महिन्यात पुन्हा दापोली. परतताना माणगावला मीच वहिनीपुढे किल्ली धरली. तिने माझ्याकडे पाहिलं, काही बोलली नाही, सीट पुढे ओढली. घाटात एका चढावर पुढे एसटी थांबली, आम्ही थांबलो. गाडीत चिटपाखरूही बोलेना. मामासुद्धा खिडकीबाहेर बघत बसले. वहिनीने हँडब्रेक ओढला, आरशात आमच्याकडे बघितलं आणि म्हणाली, “अरे, मयताला चाललोय का? गाणी लावा की कुणीतरी.”