उद्यमबागेतल्या सहा महिन्यांची रेषा

(बेळगावात लघुउद्योजकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, आज एकाच वर्कशॉपची गोष्ट सांगणार आहे. उद्यमबागेत तीन सीएनसी लेथ असलेलं वर्कशॉप. मालक माझ्या ओळखीचे, वयानं मोठे. गेल्या डिसेंबरात वही काखेत मारून आले आणि बसायच्या आत म्हणाले, "सर, कोल्हापूरच्या पार्टीचं टर्निंगचं काम येतंय. महिन्याला दीडशे तास जास्त. कारागिराची मजुरी ते वेगळी देतात, माल त्यांचा. वर मशीनच्या तासाला चाळीस रुपये देतो म्हणतात. परवडतंय काय सांगा की."

आता यात कळीचा प्रश्न एकच आहे. एक तास मशीन जास्त चाललं की खर्च किती वाढतो? त्यांच्या वहीत वीज, इन्सर्ट, कूलंट, तेल आणि देखभाल हे सगळं 'मशीन खर्च' या एकाच खात्यात होतं. त्यातला काही खर्च मशीन चालो न चालो होतोच. हेस्कॉमचं विजेचं बिल घ्या. मंजूर भारावरचा स्थिर आकार वेगळा आणि युनिटचा वेगळा. बिल कन्नडमध्ये असलं तरी आकडे वाचता येतात. पण देखभालीच्या पावतीवर कुणी 'यातलं स्थिर किती' असं लिहून देत नाही. एकत्र शिजलेल्या भातातून दोन जातींचे तांदूळ वेगळे करायचे, असा हा प्रकार. तेव्हा महिन्यामहिन्याच्या आकड्यांवरूनच फोड करावी लागते.

वहीतले सहा महिने असे होते. जूनमध्ये ६०० तास, खर्च ५१ हजार. जुलैत ७०० तास, ५९ हजार. ऑगस्टात गणपतीच्या आधीची घाई म्हणून ८०० तास, ६२ हजार. सप्टेंबरात ४०० तास, ५४ हजार. ऑक्टोबरात ५०० तास, ५० हजार. नोव्हेंबरात परत ६०० तास, ५४ हजार.

मालकांच्या मुलानं कॉलेजात शिकलेली हाय-लो पद्धत वापरून उत्तर काढलंच होतं. सर्वांत जास्त तासांचा महिना ऑगस्ट, सर्वांत कमी तासांचा सप्टेंबर. तासांत फरक ४००, खर्चात फरक ८ हजार. म्हणजे तासाला २० रुपये. ऑगस्टच्या ६२ हजारातून ८०० तासांचे १६ हजार वजा केले की ४६ हजार स्थिर. हिशोब बरोबर आहे, पण सहा महिन्यांपैकी चार महिने त्यानं बघितलेच नाहीत. उरलेले दोन महिने नेमके टोकाचे, आणि टोकाच्या महिन्यात काहीतरी विचित्र घडलेलं असण्याची शक्यताच जास्त.

मी म्हटलं, सहाही महिने घेऊ. आलेखावर सहा ठिपके टाकले की त्यांतून एक रेषा ओढायची. पण कुठली? प्रत्येक ठिपका रेषेपासून उभ्या दिशेनं किती चुकतो ते मोजायचं, त्या चुकीचा वर्ग करायचा, आणि सहा वर्गांची बेरीज ज्या रेषेला सर्वांत कमी येईल ती आपली. म्हणून नाव लघुतम वर्ग पद्धत. १८०५ मध्ये लजांद्र या फ्रेंच गणितज्ञानं ती धूमकेतूंच्या कक्षांसाठी छापली, आणि पुढे गाउस म्हणाला की मी ती आधीपासूनच वापरतोय. त्यावरून दोघांत बरंच वाजलं. आपल्याला त्या भांडणात पडायचं नाही, पण एक लक्षात ठेवा: चुकीचा वर्ग होतो. चूक दुप्पट असली तर ती चौपट मोजली जाते. म्हणजे ही रेषा लांब पडलेल्या ठिपक्याची फार मनधरणी करते. हे पुढे नडणार आहे.

हिशोब कागदावर पाच मिनिटांचा आहे. सहा महिन्यांचे सरासरी तास ६००, सरासरी खर्च ५५ हजार. आता प्रत्येक महिना सरासरीपासून किती लांब ते बघायचं. तास शेकड्यांत मोजले तर जून ०, जुलै १, ऑगस्ट २, सप्टेंबर उणे २, ऑक्टोबर उणे १, नोव्हेंबर ०. खर्च हजारांत: उणे ४, ४, ७, उणे १, उणे ५, उणे १. महिन्यागणिक दोन्हींचा गुणाकार करून बेरीज केली की येते २५. तासांच्या फरकांचे वर्ग करून बेरीज येते १०. पंचवीस भागिले दहा, म्हणजे अडीच. शंभर तासांना अडीच हजार, तासाला २५ रुपये. रेषा सरासरीच्या ठिपक्यातून जातेच, म्हणून ५५ हजारातून ६०० तासांचे १५ हजार वजा केले की स्थिर खर्च ४० हजार.

कॉम्प्युटरवर करायचं तर एक्सेलमध्ये तास A स्तंभात आणि खर्च B स्तंभात रुपयांत भरा, आणि:

```
=SLOPE(B2:B7,A2:A7)
=INTERCEPT(B2:B7,A2:A7)
```

खर्च आधी, तास नंतर. हा क्रम उलटा झाला तरी एक्सेल तक्रार करत नाही, मुकाट्यानं भलताच आकडा देतं. म्हणून एकदा तरी हातानं करून बघा म्हणतो.

तर मालक खूष. खर्च तासाला पंचवीस, पार्टी देते चाळीस. "मग घेऊ की," म्हणाले. मी म्हटलं, थांबा, चहा घेऊ. रेषा काढल्यावर तिच्यापासून प्रत्येक महिना किती चुकला हे न बघता उठायचं नसतं. तासांच्या चढत्या क्रमानं बघितलं तर सप्टेंबर रेषेच्या ४ हजार वर, ऑक्टोबर अडीच हजार खाली, जून ४ हजार खाली, नोव्हेंबर १ हजार खाली, जुलै दीड हजार वर, ऑगस्ट २ हजार वर. म्हणजे दोन्ही टोकं वर आणि मधले महिने खाली. चुका अशा रांगेत उभ्या राहत नसतात. त्या इकडेतिकडे विखुरलेल्या असायला हव्यात. असा आकार दिसला की एक तर खर्च सरळ रेषेत वाढत नाही, नाही तर टोकाच्या एखाद्या ठिपक्यानं रेषा ओढून धरलीय.

मी विचारलं, सप्टेंबरात काय झालं होतं? चारशे तासांना ५४ हजार कसे? मालक थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "दोन नंबरच्या मशीनचं स्पिंडल बेअरिंग गेलं होतं की. बारा हजार त्यालाच गेले. तीन आठवडे मशीन बंद. त्यात गणपतीची सुट्टी."

आता यातली खुबी बघा. तो बारा हजारांचा खर्च नुसता जास्तीचा खर्च नव्हता. ज्या बिघाडानं खर्च वाढवला, त्याच बिघाडानं तासही कमी केले. म्हणून रेषेला असं दिसलं की कमी तासांतही खर्च भरपूर होतो, म्हणजे बहुतेक खर्च स्थिर असला पाहिजे. डाव्या टोकाचा ठिपका वर उचलला गेला आणि रेषा आडवी झाली. हेच बारा हजार जूनमध्ये, अगदी सरासरी तासांच्या महिन्यात, गेले असते तर रेषेचा उतार तसूभरही बदलला नसता. तिथं तासांचा फरक शून्य, गुणाकारही शून्य.

ते बारा हजार बाजूला काढून सप्टेंबर ४२ हजार धरला आणि परत मांडलं. सरासरी खर्च ५३ हजार झाला, गुणाकारांची बेरीज ४९. तासाला खर्च ४९ रुपये, स्थिर खर्च २३ हजार ६००. आता कुठलाच महिना रेषेपासून दोन हजारांहून जास्त चुकत नव्हता, आणि चुकांना कसला आकारही नव्हता. एका पावतीनं तासाचा दर निम्म्यावर आणला होता!

मुलानं इथं चांगला प्रश्न विचारला: "मग बेअरिंगचा खर्च खरा नव्हता काय?" खरा होता. गिळून टाकायचा नाही. पण तो सप्टेंबरच्या चारशे तासांचा खर्च नव्हे. मालकांच्या अंदाजानं असं मोठं काम वर्षातून एकदा निघतं, म्हणून महिन्याला एक हजार धरून स्थिर खर्चात टाकले. स्थिर झाला २४ हजार ६००. विचित्र महिना सरळ खोडून टाकणाऱ्यांशी माझं जमत नाही. कारण सापडलं तरच आकडा दुरुस्त करायचा. नुसता ठिपका डोळ्याला खुपतो म्हणून काढायचा नाही.

मग कोल्हापूरचं काम धरून ७५० तासांचा अंदाज. ७५० गुणिले ४९ म्हणजे ३६ हजार ७५०, त्यात स्थिर २४ हजार ६००, एकूण ६१ हजार ३५०. जुन्या, बिघडलेल्या रेषेनं हाच अंदाज ५८ हजार ७५० येत होता. म्हणजे एकूण आकड्यात फरक अडीच हजारांचाच, कुणाच्या डोळ्यावर येणार नाही इतका. सरासरीच्या आसपास चुकीची रेषासुद्धा एकूण खर्च बरा सांगते, आणि म्हणून तिची चूक लपून राहते. पण जास्तीच्या दीडशे तासांना किती, असं विचारा. जुनी रेषा म्हणते ३ हजार ७५०, नवी म्हणते ७ हजार ३५०. पार्टी देणार ६ हजार. एका रेषेनं महिन्याला सव्वादोन हजार सुटतात, दुसरीनं साडेतेराशे पदरचे जातात.

आता हा ६१ हजारांचा आकडा छातीठोक धरू नका. सहाच महिन्यांच्या जोरावर काढलाय. रेषा दोन आकडे शोधण्यात दोन महिने खर्ची घालते, चुकांचा अंदाज घ्यायला उरतात चार. तो हिशोब मांडला तर एखाद्या महिन्याचा प्रत्यक्ष खर्च अंदाजाच्या साडेपाच-पावणेसहा हजार वर किंवा खाली जाऊ शकतो. बारा-पंधरा महिन्यांची वही आणली असती तर हा पट्टा अरुंद झाला असता.

मालकांचा पुढचा प्रश्न तयारच होता: पार्टीनं उद्या काम चौपट केलं आणि १,२०० तास झाले तर? सूत्रात १,२०० टाकले की ८३ हजार ४०० येतात. पण तो आकडा मी त्यांना लिहून दिला नाही. आपली वही ४०० ते ८०० तासांची आहे. तीन मशीनवर एका पाळीचे ६०० तास. १,२०० म्हणजे पूर्ण दुसरी पाळी, आणि मग मंजूर भार पुरतो का हेही बघावं लागेल. तो वाढवला की स्थिर आकार एका पायरीनं वर चढतो. पायरी रेषेला दिसत नाही. आणि २४ हजार ६०० हा स्थिर आकडासुद्धा 'वर्कशॉपला कुलूप लावलं तर होणारा खर्च' असा वाचू नका. शून्य तासांचा महिना आपण पाहिलेलाच नाही.

उठता उठता एक गोष्ट मी तपासून घेतली. विजेचं बिल वहीत कुठल्या महिन्याला लिहिता? ऑगस्टच्या विजेचं बिल सप्टेंबरात येतं, आणि बऱ्याच वह्यांत ते भरल्या तारखेला चढतं. मग ऑगस्टचे तास आणि जुलैची वीज शेजारी बसतात, ठिपके उगाच पसरतात आणि उतार बहुधा कमी येतो. त्यांचा मुलगा रीडिंगच्या तारखेनं लिहीत होता, म्हणून वाचलो.

पार्टीला त्यांनी तासाला साठ सांगितले, पंचावन्नवर तुटलं. जानेवारीत ७४० तास चालले आणि खर्च आला ६१ हजार ४००. सूत्रानं ६० हजार ८६० सांगितले होते, पण त्यात बेअरिंगसाठी बाजूला ठेवलेले हजारही आहेत, आणि त्या महिन्यात बेअरिंग काही गेलं नव्हतं. म्हणजे चूक खरी दीड हजाराची. मालकांनी तो सातवा महिना वहीत चढवला आणि फोनवर विचारलं, "रेषा परत काढायची काय आता?"