दहावीच्या गणिताच्या ताई आणि त्यांचे दोन रंग

नाशिकच्या या ताई घरातल्याच एका खोलीत दहावीचं गणित शिकवतात. रोज एक गणित इन्स्टावर टाकतात. आधीच्या पोस्ट बघा, एक गुलाबी, एक काळी, एकीवर फुलं, एकीवर रॉकेट, आणि फॉन्ट तर दर वेळी नवाच. एका मुलाच्या आईने विचारलं, हे सगळं तुमच्याच क्लासचं आहे ना? तेव्हा ताईंनी एक रविवार त्यासाठीच काढला.

आधी रंग. त्यांनी दोनच घेतले, गडद निळा `#1B3A5C` आणि पिवळा `#F2B705`, बाकी पांढरं. पहिल्या पोस्टमध्ये पिवळं हेडिंग पांढऱ्यावर टाकलं, लॅपटॉपवर छान दिसलं, पण मोबाइल घेऊन उन्हात गेल्या तर अक्षरच दिसेना. म्हणून नियम केला, पिवळा फक्त निळ्यावर, पांढऱ्यावर अक्षर निळंच. हे कोड वहीत लिहून ठेवलेत, कारण अंदाजाने निळा निवडला की दर वेळी जरा वेगळा येतो आणि चार पोस्ट शेजारी आल्या की लगेच कळतं.

खरा वेळ गेला तो फॉन्टमध्ये. आवडलेला फॉन्ट इंग्रजीत सुंदर, पण त्यात देवनागरी अक्षरंच नव्हती, मग अ‍ॅप मराठीसाठी गुपचूप दुसराच फॉन्ट लावायचं आणि एकाच ओळीत 'Maths' जाड आणि 'गणित' बारीक. म्हणून ताईंनी हेडिंगला बालू २ आणि मजकुराला मुक्ता घेतला. दोन्ही मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे, फुकट, आणि दोन्हींत मराठी-इंग्रजी अक्षरं एकाच हातची. पण नुसतं नाव बघून घेतले नाहीत हं, आधी एक ओळ टाइप करून पाहिली: 'दुसऱ्या वर्तुळाची त्रिज्या'. ऱ्या तुटतोय का, रफार जागेवर आहे का, ते यात लगेच दिसतं. ओळींमधलं अंतरही वाढवलं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला धडकतो.

मग साचे, तीनच: आजचं गणित, उत्तर आणि सूचना. साइज १०८० बाय १३५०, वर निळी पट्टी, खाली क्लासचं नाव, मधे मोकळी जागा. पहिल्याच आठवड्यात घाईत मूळ साच्यावरच गणित लिहून सेव्ह केलं आणि साचाच गेला, परत बसून बनवावा लागला. आता पट्टी आणि नाव लॉक केलंय आणि मूळ फाइलची आधी कॉपी काढायची, मगच हात लावायचा. लांबलचक गणित बसत नसेल तर अक्षर बारीक करत नाहीत, सरळ दोन स्लाइड करतात, कारण बारीक अक्षर व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर धूसर होतं.

आत्ता रात्रीचे साडेनऊ झालेत. ताई कॉपी उघडतात, जुनं गणित पुसून वर्गसमीकरण टाकतात, मोबाइल हात लांब करून धरतात, एकदा वाचतात, आणि टाकतात.